कंपनीला नवा धंदा सुरू करायचा आहे? आधी ऑब्जेक्ट क्लॉज उघडा

वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न फिरून फिरून येतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, वर्षानुवर्षे एकच काम करते आहे, आता जोडीला दुसरा धंदा सुरू करायचा आहे. संचालकांनी मीटिंगमध्ये ठराव केला, बँकेत प्रस्ताव दिला, आणि बँकेने विचारले, "तुमच्या मेमोरँडममध्ये हे काम आहे का?" मग धावपळ सुरू होते. कोणी सांगते संचालक मंडळाचा ठराव पुरे, कोणी म्हणते प्रायव्हेट कंपनीला फॉर्म भरायची गरजच नाही, कोणी म्हणते धंदा सुरू करा, कागद मागाहून होतील. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि तिसरा सगळ्यात महागात पडणारा आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत धरू. सांगलीजवळची एक कंपनी आहे. बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना लागणारी पुठ्ठ्याची खोकी बनवते. अधिकृत भांडवल 50 लाख रुपये, भरणा झालेले भांडवल 20 लाख, म्हणजे दहा रुपयांचे दोन लाख शेअर. थोरला आणि धाकटा भाऊ यांच्याकडे प्रत्येकी 70 हजार शेअर, वहिनींकडे 20 हजार आणि मामेभावाकडे 40 हजार. दोघे भाऊ संचालक आहेत. आता त्यांना बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज उभारायचे आहे. माल ठेवायचा, धुऊन प्रतवारी करायची, पॅक करून विकायचा. मामेभावाला हे पटलेले नाही.

बदल खरोखर हवा का, हे आधी पाहा

मेमोरँडमचे तिसरे कलम म्हणजे उद्दिष्टांचे कलम, ज्याला सगळे ऑब्जेक्ट क्लॉज म्हणतात. कंपनी कायदा, 2013 नुसार त्याचे दोन भाग असतात. 3(अ) मध्ये कंपनीची मुख्य उद्दिष्टे, आणि 3(ब) मध्ये ती पार पाडण्यासाठी लागणारी पूरक कामे. कर्ज काढणे, जागा घेणे, वाहने ठेवणे, माणसे नेमणे ही सगळी 3(ब) मधली कामे. त्यांच्या आधाराने स्वतंत्र धंदा करता येत नाही.

आपल्या कंपनीने ग्राहकाची खोकी छापून देणे किंवा खोक्यांसाठी गोदाम बांधणे हे जुन्या उद्दिष्टांत बसते. दुसऱ्याचा बेदाणा भाडे घेऊन थंड खोलीत ठेवणे बसत नाही, कारण त्या उत्पन्नाचा खोक्यांशी संबंध नाही. कसोटी सोपी आहे: खोकी बनवणे उद्या बंद झाले तरी हे काम स्वतःच्या पायावर चालेल का? चालणार असेल, तर तो नवा धंदा आहे आणि 3(अ) मध्ये त्याची नोंद हवी.

कंपनी 1956 च्या कायद्याखाली नोंदलेली असेल तर मेमोरँडममध्ये 'इतर उद्दिष्टे' असा तिसरा भाग सापडेल. त्यात हॉटेलपासून चित्रपटनिर्मितीपर्यंत काहीही लिहिलेले असते, आणि "आमच्यात कोल्ड स्टोरेज आहेच की" असे वाचक कळवतात. त्यावर विसंबू नका. 2013 च्या कायद्याच्या नमुन्यात हा भाग राहिलेला नाही. नव्या धंद्याचा ठराव करताना तो भाग काढून संपूर्ण कलम नव्या नमुन्यात बसवून घ्या. नाही तर फॉर्म तपासताना हाच आक्षेप येऊ शकतो.

आधी धंदा, मग कागद: हे का चालत नाही

उद्दिष्टाबाहेरचा व्यवहार कंपनीच्या अधिकाराबाहेरचा ठरतो, आणि सगळ्या भागधारकांनी मागाहून मान्यता दिली तरी तो वैध होत नाही. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध एलआयसी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. तिथे एका विमा कंपनीने भागधारकांच्या सभेत ठराव करून एका स्मारक न्यासाला दोन लाख रुपये दिले होते. देणगी उद्दिष्टांत बसत नव्हती, म्हणून ठराव असूनही ती रद्दबातल ठरली आणि पैसे परत करण्याची जबाबदारी विश्वस्तांवर आली.

शिवाय कलम 13(10) स्पष्ट आहे: मेमोरँडममधला बदल नोंदला जाईपर्यंत त्याचा काहीही परिणाम होत नाही. ठराव ज्या दिवशी मंजूर झाला तो दिवस इथे धरत नाहीत. निबंधकाने नोंदणी केली तो दिवस धरतात. जागा पाहणे, प्रकल्प अहवाल करून घेणे, यंत्रांची कोटेशन मागवणे ही तयारी आधी करायला हरकत नाही. शेतकऱ्याचा माल भाड्याने ठेवून घेणे म्हणजे धंदा सुरू करणे. तो थांबायला हवा.

नवे उद्दिष्ट कसे लिहावे

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे "सर्व प्रकारचा शेतमाल व्यवसाय" असे मोघम लिहिणे. यावर निबंधक स्पष्टीकरण मागतात आणि बँकही समाधानी होत नाही. दुसरी म्हणजे इंटरनेटवरून चार पानांचा मजकूर उचलून चिकटवणे. आपल्या कंपनीसाठी एवढे पुरते:

"द्राक्षे, बेदाणे, हळद व इतर शेतमाल साठवण्यासाठी शीतगृहे व गोदामे उभारणे, चालवणे व भाड्याने देणे, तसेच असा माल धुणे, वाळवणे, त्याची प्रतवारी व पॅकिंग करणे आणि तो देशात व परदेशात विकणे."

यात मालाचे नाव आहे, काम आहे, बाजार आहे. निर्यात पुढे करायची असेल तर ती आत्ताच लिहून ठेवा, तेवढ्यासाठी पुन्हा सभा नको.

आता एक धोक्याची जागा. कोल्ड स्टोरेजच्या धंद्यात शेतकरी ठेवलेल्या मालावर उचल मागतो, म्हणून बरेच जण उत्साहाच्या भरात "मालाच्या तारणावर कर्जे देणे" हेही उद्दिष्टात घालतात. असे केले की धंद्याचे स्वरूपच बदलते. रिझर्व्ह बँकेच्या बिगर-बँकिंग वित्त कंपनीच्या नोंदणीचा प्रश्न येतो, महाराष्ट्रात सावकारी नियमन कायद्याचाही येतो, आणि निबंधक परवानगीचा कागद मागू शकतात. शेतकऱ्याला बँकेकडून तारण कर्ज मिळवून द्यायचे असेल तर त्याला साठवणुकीची पावती देणे पुरे. कर्ज बँक देते. ते वाक्य गाळा. विमा, चिट फंड, शेअर दलाली यांसारख्या कामांनाही हेच लागू आहे: त्या क्षेत्राच्या नियामकाची परवानगी आधी, उद्दिष्ट नंतर.

संचालक मंडळाची सभा

पहिला टप्पा संचालक मंडळाचा. या सभेची नोटीस किमान सात दिवस आधी द्यायची. समजा ती 24 मे रोजी दिली आणि सभा 1 जूनला घेतली. या सभेत चार गोष्टी ठरवा:

- नव्या उद्दिष्टाचा मसुदा आणि बदललेले संपूर्ण मेमोरँडम मान्य करणे
- असाधारण सर्वसाधारण सभेची तारीख, वेळ, ठिकाण ठरवणे
- सभेची नोटीस आणि स्पष्टीकरणात्मक निवेदन मान्य करणे
- फॉर्मवर डिजिटल सही करण्याचा अधिकार एका संचालकाला देणे

वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली असेल तर वेगळी सभा नको. हा विषय तिथेच विशेष कामकाज म्हणून घ्या.

स्पष्टीकरणात्मक निवेदन हे बहुतेक जण दोन ओळींत उरकतात. ते करू नका. कलम 102 नुसार भागधारकाला निर्णय घेता येईल इतकी माहिती त्यात हवी, आणि संचालक, व्यवस्थापनातले प्रमुख अधिकारी व त्यांचे नातेवाईक यांचा त्या विषयात हितसंबंध असेल तर तो उघड करायला हवा. आपल्या उदाहरणात कोल्ड स्टोरेजची जमीन थोरल्या भावाच्या नावावर आहे आणि कंपनी ती भाड्याने घेणार आहे. हे निवेदनात लिहायलाच हवे. लपवले आणि त्यातून भावाला फायदा झाला, तर तो फायदा कंपनीच्या वतीने धरलेला समजला जातो आणि भरपाई मागता येते. नाराज मामेभाऊ पुढे याच वाक्याचा शोध घेईल.

एकवीस दिवस म्हणजे किती

भागधारकांना 21 स्पष्ट दिवसांची नोटीस द्यायची. नोटीस पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही मोजायचे नाहीत. 1 जूनला ईमेलने नोटीस गेली तर 2 ते 22 जून हे एकवीस दिवस. सभा लवकरात लवकर 23 जूनला. पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवली तर आणखी दोन दिवस धरा, म्हणजे 25 जून. नोटीस भागधारकांबरोबर लेखापरीक्षक आणि सगळ्या संचालकांनाही जाते.

अल्प मुदतीची नोटीस चालते का, हा नेहमीचा प्रश्न. चालते, पण असाधारण सभेसाठी मताधिकार असलेल्या सदस्यांपैकी बहुसंख्य सदस्यांची, आणि त्यांच्याकडे मताधिकाराच्या भरणा झालेल्या भांडवलाचा किमान 95 टक्के हिस्सा असेल अशी, संमती लागते. आपल्याकडे मामेभावाचा हिस्सा 20 टक्के आहे. बाकी तिघांनी मिळून हात वर केले तरी 80 टक्केच भरतात. त्यामुळे इथे एकवीस दिवस काढावेच लागतील.

प्रायव्हेट कंपनीला नोटीस, प्रॉक्सी, मतदान याबाबत स्वतःच्या आर्टिकल्समध्ये वेगळे नियम करण्याची सवलत आहे. म्हणून तारखा ठरवण्याआधी आर्टिकल्स वाचून घ्या. इथे मी गृहीत धरतो आहे की आर्टिकल्स गप्प आहेत.

विशेष ठरावाचे गणित, जिथे ठराव पडतात

विशेष ठरावासाठी बाजूची मते विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट हवीत. यात फक्त प्रत्यक्ष दिलेली मते धरतात; जो आला नाही किंवा तटस्थ राहिला त्याचे मत कुठल्याच बाजूला जात नाही. "आमच्याकडे 80 टक्के आहेत, काळजी नाही" असे म्हणणारे इथेच फसतात.

23 जूनला सभा आहे आणि धाकटा भाऊ परदेशात गेला आहे, असे धरा. सभेला थोरला भाऊ, वहिनी आणि मामेभाऊ आले. गणपूर्तीला दोन सदस्य पुरतात, तेव्हा सभा वैध. हात वर करून मतदान झाले: बाजूने दोन, विरोधात एक. दोन हे एकाच्या तिप्पट नाहीत. ठराव पडला.

मग थोरल्या भावाने शेअरनुसार मतदान, म्हणजे पोल मागितला. एकूण मतदान शक्तीच्या किमान एक दशांश हिस्सा असलेल्या सदस्याला तो हक्क आहे. बाजूने 70 हजार आणि 20 हजार मिळून 90 हजार, विरोधात 40 हजार. तिप्पट म्हणजे एक लाख वीस हजार लागतात. पुन्हा पडला.

आता धाकट्याने जाण्याआधी प्रॉक्सी दिली असती तर? बाजूने 1 लाख 60 हजार, विरोधात 40 हजार. ठराव आरामात मंजूर. पण लक्षात घ्या, प्रॉक्सीला हात वर करून मत देता येत नाही, फक्त पोलमध्ये देता येते. म्हणून पोल मागायलाच हवा. प्रॉक्सीचा फॉर्म MGT-11 सभेच्या किमान 48 तास आधी कंपनीकडे पोचलेला असावा.

चौघेही हजर असते तर हात वर करूनही तीन विरुद्ध एक झाले असते, म्हणजे बरोबर तिप्पट. काठावर, पण मंजूर.

ठरावाचा मजकूर साधारण असा असतो: "ठरविण्यात येते की, कंपनी कायदा, 2013 च्या कलम 4, 13 आणि लागू असलेल्या इतर तरतुदींनुसार, कंपनी निबंधकांच्या नोंदणीस अधीन राहून, मेमोरँडमच्या कलम 3(अ) मध्ये पुढील उपकलम समाविष्ट करण्यात यावे…" 'निबंधकांच्या नोंदणीस अधीन राहून' हे शब्द गाळू नका. हा मजकूर इथे समजण्यापुरता मराठीत दिला आहे. दाखल करायचा मसुदा इंग्रजीत तयार करून घ्या.

एकच भागधारक असलेल्या वन पर्सन कंपनीला सभा लागत नाही. सदस्याने ठराव कंपनीला कळवून, इतिवृत्ताच्या वहीत नोंदवून, सही व तारीख घातली की तो झाला. कलम 8 खालच्या ना-नफा कंपनीला मात्र मेमोरँडम बदलण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागते.

MGT-14: सूट प्रायव्हेट कंपनीला नाही

ठराव मंजूर झाल्यापासून 30 दिवसांत MGT-14 भरायचा. आपल्या उदाहरणात 23 जूनची सभा, म्हणून 23 जुलैपर्यंत. प्रायव्हेट कंपन्यांना MGT-14 माफ आहे ही समजूत अर्धवट आहे. माफी आहे ती संचालक मंडळाच्या काही ठरावांपुरती. सभेत झालेला विशेष ठराव प्रत्येक कंपनीला दाखल करावा लागतो.

सोबत जोडायचे कागद:

- विशेष ठरावाची प्रमाणित प्रत, स्पष्टीकरणात्मक निवेदनासह
- सभेची नोटीस
- बदललेले संपूर्ण मेमोरँडम
- अल्प मुदतीने सभा घेतली असल्यास सदस्यांची संमतीपत्रे

50 लाख अधिकृत भांडवलाच्या कंपनीला दाखल शुल्क 500 रुपये आहे. उशीर झाला की त्याच्या पटीत जादा शुल्क लागते, आणि ते वाढत वाढत बारा पटीपर्यंत जाते. बारा पट म्हणजे सहा हजार. रक्कम फार नाही म्हणून लोक सोडून देतात. पण कलम 117 खाली दंड वेगळा आहे: कंपनीवर दहा हजार आणि पुढे रोज शंभर रुपये, जास्तीत जास्त दोन लाख, जबाबदार अधिकाऱ्यांवर स्वतंत्र दंड. छोट्या कंपन्यांना त्यात काही सवलत मिळते. खरे नुकसान मात्र दंडाचे नाही. नोंदणी लांबते, आणि तोवर धंदा सुरू करता येत नाही.

फॉर्म परत येण्याची कारणे बहुतेक वेळा हीच असतात: ठरावातला मजकूर आणि जोडलेल्या मेमोरँडममधला मजकूर शब्दशः जुळत नाही, मेमोरँडम जुन्याच नमुन्यात राहिलेले असते, फॉर्ममधली सभेची तारीख आणि नोटिशीतली तारीख वेगळी असते, किंवा उद्दिष्ट मोघम असते. त्रुटी दाखवून फॉर्म परत आला तर दुरुस्तीसाठी पंधरा दिवस मिळतात. ती मुदत डोळ्यांसमोर ठेवा, कारण ईमेल न उघडल्याने ती निघून गेल्याची प्रकरणे नेहमीची आहेत.

सगळे बरोबर असेल तर ठराव दाखल झाल्यापासून 30 दिवसांत निबंधकांनी बदल नोंदून प्रमाणपत्र द्यायचे असते. त्यावरची तारीख हीच तुमच्या नव्या धंद्याची कायदेशीर सुरुवात.

प्रमाणपत्र आल्यावर

मेमोरँडमच्या प्रत्येक प्रतीत बदल नोंदवायचा. न नोंदलेल्या प्रतीमागे एक हजार रुपये दंड आहे. जुन्या प्रती बाजूला काढा आणि नव्या प्रतीच बँकेला द्या.

कंपनीचे मुख्य काम बदलले तर सीआयएन बदलू शकतो. त्याच्या पहिल्या अक्षरानंतरचे पाच अंक उद्योगाचा संकेतांक असतात. आपल्या कंपनीत खोकी हेच मुख्य काम राहणार असेल तर हा प्रश्न येणार नाही. बदललाच, तर लेटरहेड, बिले, वेबसाइट आणि बँकेतली नोंद सगळीकडे नवा क्रमांक लागेल.

नावही तपासा. नावात 'पॅकेजिंग' आहे आणि दोन वर्षांत बेदाण्याचेच काम मोठे होणार असेल, तर नाव बदलण्याचा विशेष ठरावही त्याच सभेत घेतलेला बरा. त्यासाठी आधी नाव राखून ठेवावे लागते आणि MGT-14 शिवाय नावबदलाचा INC-24 हा अर्जही करावा लागतो.

बाकीच्या नोंदी धंद्याच्या: नवी जागा जीएसटीच्या नोंदणीत 15 दिवसांच्या आत दाखवणे, अन्नपदार्थ असल्याने एफएसएसएआयचा परवाना, निर्यात करणार असाल तर आयात-निर्यात कोड. ऑब्जेक्ट क्लॉज बदलला म्हणून यातले काहीही आपोआप मिळत नाही.

विरोधात असलेल्या भागधारकाला काय करता येते

मामेभावासारखे वाचकही लिहितात, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. प्रायव्हेट कंपनीत उद्दिष्ट बदलले म्हणून बाहेर पडण्याचा, शेअर विकत घ्यायला लावण्याचा हक्क कायदा देत नाही. तो हक्क कलम 13(8) मध्ये आहे, पण फक्त अशा कंपनीत जिने माहितीपत्रक काढून लोकांकडून पैसे उभारले आहेत आणि त्यातले काही अजून वापरायचे बाकी आहेत. तिथे पोस्टल बॅलटने विशेष ठराव, वृत्तपत्रांत आणि वेबसाइटवर माहिती, आणि असहमत भागधारकांना बाहेर पडण्याची संधी, हे सगळे बंधनकारक आहे.

तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. नोटीस अपुऱ्या दिवसांची असेल किंवा निवेदनात हितसंबंध लपवला असेल तर लेखी हरकत सभेआधी नोंदवा. सभेत पोल मागा आणि मत नोंदवा. सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. लेखी मागणी करून शुल्क भरल्यावर ती कामकाजाच्या सात दिवसांत मिळायला हवी. भागभांडवलाचा एक दशांश हिस्सा असलेल्या सदस्याला दडपशाही व गैरव्यवस्थापनाविरुद्ध कंपनी न्यायाधिकरणात जाता येते. पण केवळ धंदा पटत नाही एवढ्यावर तिथे फारसे हाती लागत नाही. जमिनीचे भाडे बाजारापेक्षा दुप्पट लावले, असे काही दाखवता आले तर गोष्ट वेगळी.

ज्यांनी आधीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी

नवीन माल घेणे थांबवा. ठराव, MGT-14 आणि नोंदणी हा क्रम पूर्ण करा. मागच्या तारखेचा ठराव लिहू नका. ईमेलच्या तारखा आणि पोर्टलवरची नोंद त्याला लगेच उघडे पाडतात. नोंदणीनंतर ग्राहकांशी नव्या तारखेचे करार करा आणि जुन्या काळातल्या व्यवहारांबाबत वकिलांचा लेखी सल्ला फाइलला लावा. कोल्ड स्टोरेजची पहिली भाडेपावती मात्र प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय फाडू नका.